मनकवडेपणा आणि राईचा पर्वत: नववी-दहावीसाठी दोन तासिकांचा पाठ

प्रश्न: नववी-दहावीच्या वर्गाला विचारांतल्या चुका, म्हणजे कॉग्निटिव्ह डिस्टॉर्शन्स, शिकवायच्या आहेत. ३५ मिनिटांच्या दोन तासिका मिळाल्यात, वर्गात ५४ मुलं आहेत. मागच्या वर्षी दहा प्रकारांचा तक्ता लावला होता. मुलांनी तो पाठ केला आणि एकमेकांना चिडवायला वापरला. निदान कॅटॅस्ट्रोफायझिंग आणि माइंड रीडिंग तरी नीट पोचावं, यासाठी आखणी कशी करावी?

उत्तर:

दोनच प्रकार घ्यायचे ठरवलंत ते योग्य केलंत. दहांचा तक्ता वर्गात का फसतो हे त्याच्या उगमावरून कळतं. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात अॅरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या चुका टिपल्या. समोर एकच माणूस, त्याच्याशी अनेक आठवडे बोलणं, आणि त्यातून त्याच्या विचाराची ठेवण हळूहळू उलगडणं, असं ते काम होतं. साधारण त्याच काळात अल्बर्ट एलिस हेच काम वेगळ्या अंगाने करत होते आणि कि. मो. फडके यांनी त्यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत आणली. दोन्हीकडे भर विचार तपासण्यावर होता, त्याला नाव देण्यावर नव्हता. तक्ता लावला की मुलांच्या हाती फक्त नावं येतात, आणि नाव हाती आलं की ते शेजाऱ्याला चिकटवायचा मोह होतोच. म्हणून या पाठात नाव तासिकेच्या शेवटी सांगायचं आणि सगळा वेळ तपासणीला द्यायचा.

हे दोन प्रकार जोडीने शिकवण्यासारखे आहेत. दोन्हींत माणूस माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी धरतो. एकात दुसऱ्याचं मन, दुसऱ्यात उद्याचा दिवस. पण तपासणी वेगवेगळी आहे. दुसऱ्याच्या मनातलं विचारून कळू शकतं, उद्याचं कोणाला विचारणार? तिथे साखळीची एकेक कडी सोडवावी लागते. हा फरक मुलांच्या हातात आला तर दोन तासिका सार्थकी लागल्या.

आधी शब्दांचं. फळ्यावर ‘विचारविकृती’ लिहू नका. पुस्तकी भाषेत तो शब्द चालतो, पण पंधरा वर्षांच्या मुलाला ‘विकृत’ ही शिवी म्हणूनच माहीत आहे. ‘विचारातली गफलत’ म्हणा. माइंड रीडिंगला आपल्याकडे ‘मनकवडेपणा’ हा नेमका शब्द आहे, फक्त तो कौतुकाचा आहे. कोणीतरी हात वर करून म्हणणारच, “पण माझी आई मनकवडी आहे, तिला खरंच कळतं.” ही शंका टाळू नका, पाठाचा गाभा तिच्यातच आहे. आपण सगळेच दिवसभर दुसऱ्याच्या मनाचा अंदाज बांधतो आणि बरेचदा तो बरोबर येतो. अंदाज बांधणं ही चूक नव्हे. अंदाजाला अंदाज म्हणायचं विसरणं ही चूक. आईसुद्धा शेवटी “काय झालं रे?” असं विचारतेच.

पहिली तासिका मनकवडेपणाला द्या. हा विषय परीक्षेच्या भीतीपेक्षा हलका आहे आणि दुसऱ्या दिवशी लागणारं हत्यार इथेच हातात येतं. सहा-सहांचे नऊ गट करा. प्रत्येक गटाला १० चिंचोके, म्हणजे एकूण ९० लागतील, थोडे जास्तच आणा. फळ्यावर हा प्रसंग लिहा:

रविवारी रात्री ९ वाजता सानिकाने ऋचाला विज्ञानाच्या प्रकल्पाबद्दल मेसेज केला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत ऋचा दोघींशी बोलत होती. सानिका जवळ गेली तशा तिघी गप्प झाल्या. सानिकाच्या मनात आलं: ‘ह्या माझ्याबद्दलच बोलत होत्या. ऋचाला माझा राग आलाय.’

पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येकाने वहीच्या कोपऱ्यात एकच आकडा लिहायचा: तू सानिकाच्या जागी असतास तर या विचाराची किती खात्री वाटली असती, ० ते १० मध्ये? चर्चा नाही, हात वर करणं नाही. हा आकडा शेवटी लागणार आहे.

पुढची सात मिनिटं सीसीटीव्हीची. विचारा: वर्गातल्या कॅमेऱ्यात आणि फोनच्या पडद्यावर नेमकं काय दिसलं असतं? तेवढंच डाव्या रकान्यात लिहायचं, बाकी सगळं उजव्या. इथे नेहमी एक घसरण होते. मुलं डावीकडे ‘तिघींनी तिला टाळलं’ असं लिहितात. लगेच दुरुस्त करू नका. विचारा, “टाळणं कॅमेऱ्यात कसं दिसेल?” थोडा विचार करून कोणीतरी म्हणतं, “बोलणं थांबलेलं दिसेल.” मग ‘टाळलं’ आपोआप उजवीकडे सरकतं. हे एक वाक्य मुलांनी स्वतः हलवलं की सीसीटीव्हीचा अर्थ त्यांना वेगळा समजावावा लागत नाही.

त्यानंतर बारा मिनिटं चिंचोक्यांची. प्रत्येक गटाने डाव्या रकान्यातल्या गोष्टी घडण्याची निदान चार कारणं कागदावर लिहायची. सानिकाचं स्वतःचं कारण त्यात असलंच पाहिजे, पण ते सगळ्यात खाली. मग जास्त शक्य वाटणाऱ्या कारणावर जास्त, अशा हिशेबाने १० चिंचोके वाटायचे आणि सानिकाच्या कारणाला सगळ्यात शेवटी हात लावायचा. क्रमाला महत्त्व आहे. तिचं कारण आधी घेतलं तर सात-आठ चिंचोके तिथेच जातात आणि बाकीची कारणं उरलंसुरलं वाटून घेतात.

दोन नियम मात्र कडक ठेवा. एक, सानिकाच्या कारणावर शून्य चालणार नाही, निदान एक चिंचोका हवाच. मुलांना लवकर कळतं की बाईंना ‘तो विचार चुकीचा आहे’ हे उत्तर हवंय, आणि ती खूश करायला शून्य ठेवतात. दुसरा नियम, सगळी कारणं गोड नकोत. ‘ऋचाच्या आईने फोन काढून घेतला’, ‘त्या वाढदिवसाचं गुपित ठरवत होत्या’ अशीच यादी आली, तर तुम्ही एक कडू कारण घाला: ‘प्रकल्पात सानिकाला घ्यायचं नाही असं ठरत होतं.’ असं खऱ्या वर्गात घडतं आणि मुलांना ते पक्कं माहीत आहे. पाठाने ते नाकारलं तर मुलं पाठच नाकारतील. आपल्याला कडूचं गोड करायचं नाही. एकाच कारणावर जडलेली नजर चार कारणांवर फिरवून आणायची आहे, इतकंच.

उरलेल्या वेळातली आठ मिनिटं या प्रश्नाला: आता खरं कसं कळेल? उत्तर साधं आहे, विचारून किंवा थोडं थांबून. पण कसं विचारायचं, हे शिकवावं लागतं. सानिकाने “तुला माझा राग आलाय ना?” असं विचारलं तर तो अंदाजच प्रश्नाचं सोंग घेऊन आला. समोरची “नाही गं” म्हणणार, सानिकाचा विश्वास बसणार नाही आणि संध्याकाळी ती पुन्हा तेच विचारणार. चिंता करणाऱ्या मुलांमध्ये हे चक्र फार दिसतं. दर वेळी क्षणभर बरं वाटतं आणि पुन्हा विचारायची गरज वाढते. त्याऐवजी डाव्या रकान्यातलं सांगायचं आणि मोकळा प्रश्न एकदाच विचारायचा: “काल प्रकल्पाचा मेसेज केला होता, त्याचं काय करूया? आणि मघाशी मी आले तेव्हा तुम्ही थांबलात, माझ्याशी काही बोलायचं होतं का?” जोड्यांमध्ये दोन्ही तऱ्हा म्हणून बघायला लावा. पहिली ऐकताना समोरचा बचावाला उभा राहतो, दुसरी ऐकताना उत्तर देतो, हे मुलांना म्हणताना जाणवतं.

एका जोडीला ऋचाकडून “हो, मला राग आलाय” असं उत्तर द्यायला सांगा. हा प्रयोग गाळू नका. अंदाज खरा निघाला तरी सानिका आता बऱ्या जागी उभी आहे, कारण राग कशाचा हे ती विचारू शकते. शेवटच्या तीन मिनिटांत खात्रीचा आकडा पुन्हा लिहून घ्या आणि मगच फळ्यावर लिहा: मनकवडेपणा, इंग्रजीत माइंड रीडिंग.

दुसरी तासिका ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण फळ्यावर लिहून सुरू करा. वैऱ्यालाही सुचणार नाही इतकं वाईट आपलंच मन रंगवतं, एवढा अर्थ दोन मिनिटांत होतो. मग उदाहरण. ते मुलांच्या जगातलं आणि आकड्यांचं असावं, म्हणजे तपासता येतं. हे घ्या:

ओंकारला दहावीच्या पूर्वपरीक्षेत बीजगणितात ४० पैकी १३ गुण मिळाले. त्याच्या मनात साखळी सुरू झाली. ‘बोर्डात गणितात नापास होणार. मग अकरावीला प्रवेश नाही. मग बाबा तोंड बघणार नाहीत. आयुष्याचं वाटोळं.’

गुण कॅमेऱ्यात दिसतात, ते डावीकडे. पुढच्या चार कड्या उजवीकडे, एकाखाली एक. प्रत्येक कडीला तीन प्रश्न: आधीची कडी घडली असं धरून ही घडण्याची शक्यता दहात किती? कशावरून? आणि घडलीच तर दुसऱ्या दिवशी काय करायचं, कोणाकडे जायचं?

पहिली कडी तुम्ही फळ्यावर सोडवा. दहावीच्या गणितात बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० असे १०० गुण असतात, उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात. ओंकारला भूमितीत १५ आहेत आणि अंतर्गत १६ मिळतील असं धरलं, तर १३ अधिक १५ अधिक १६ म्हणजे ४४. तो पूर्वपरीक्षेच्या गुणांवरही पास आहे. त्याने तीन आकड्यांपैकी एकच पाहिला होता. साखळीची पहिली कडी बरेचदा अशीच तयार होते, आकडा खरा असतो पण अर्धवट. इथे वर्ग शक्यता दोन किंवा तीनपर्यंत आणतो. आपण दोन धरू.

दुसरी कडी माहितीची आहे. एखाद्या विषयात राहिलं तर पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते, आणि एक-दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेशाची वाट असते. तासाआधी शाळेच्या कार्यालयातून या वर्षीचं परिपत्रक बघून घ्या, मुलं बारकाव्यांत शिरतात. पण हेही सांगा की हवं ते कॉलेज हातचं जाऊ शकतं आणि ते वाईट वाटण्यासारखंच आहे. ‘प्रवेशच नाही’ची शक्यता दहात एक धरली, तर ‘हवं ते कॉलेज नाही’ची बरीच जास्त. मोठं संकट आणि खरी अडचण यांतली ही फोड मुलांनी करावी, यासाठीच कडी सोडवायची.

तिसऱ्या कडीपाशी सावध राहा. ‘बाबा चिडतील’ याला मुलं दहात आठ देतात आणि ती बरोबर असतात. ‘तोंड बघणार नाहीत’ याला मात्र ‘किती दिवस?’ असा प्रश्न लावता येतो. पण एखादं मूल म्हणालं की बाबा मारतील आणि याआधी मारलं आहे, तर ती गफलत नव्हे, ती माहिती आहे. तिथे शक्यता मोजत बसू नका. तासानंतर त्या मुलाशी एकट्याने बोला आणि शाळेच्या समुपदेशकापर्यंत न्या. चौथ्या कडीला सीसीटीव्हीचा प्रश्न पुरतो: “वाटोळं कॅमेऱ्यात कसं दिसेल?” नेमकं चित्र सांगताच येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते मोजताही येत नाही.

दहावीत संभाव्यता शिकून झाली असेल तर एक गुणाकार जरूर करा. तिसऱ्या कडीत ‘बाबा चिडतील’ एवढंच धरलं, तर पहिल्या तीन कड्या लागोपाठ घडण्याची शक्यता: २/१० गुणिले १/१० गुणिले ८/१०, म्हणजे १६/१०००. मनात साखळी धावते तेव्हा प्रत्येक कडी दहापैकी दहा धरलेली असते, म्हणून शेवटची कडी पहिल्याइतकीच पक्की वाटते. गुणाकाराने ते उघडं पडतं. अर्थात हे आकडे अंदाजाचे आहेत आणि तसं मुलांना सांगा.

पण गुणाकारावर तास संपवू नका. बऱ्याच आखण्या इथेच थांबतात आणि ज्या मुलाला पाठाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच रिकाम्या हाताने जातो. चिंताग्रस्त मूल हजारातले सोळा ऐकून म्हणतं, “त्या सोळांत मीच असेन.” बेक यांच्या मांडणीत चिंतेला दोन पाय आहेत: संकट आहे त्याहून मोठं दिसतं आणि आपली ताकद आहे त्याहून कमी दिसते. गुणाकार पहिल्या पायाला हात घालतो, दुसऱ्याला नाही. म्हणून तिसऱ्या प्रश्नाला, ‘घडलंच तर काय करायचं’ याला, निदान बारा मिनिटं ठेवा. उत्तरात एक माणूस, एक वार आणि एक कृती हवी. ‘जोरात अभ्यास करीन’ हे उत्तर परत पाठवा. ‘सोमवारी सरांना उत्तरपत्रिका दाखवून वर्गसमीकरणांत गुण कुठे गेले ते विचारीन’ हे चालेल. ‘निकाल वाईट लागला तर आधी मावशीला फोन करीन, ती बाबांशी बोलेल’ हेही चालेल. पुरवणी परीक्षेची कडी हाती आलेल्या गटाने ती द्यायला काय करावं लागेल हे पायरीपायरीने लिहावं.

शेवटी ओंकारसाठी एक वाक्य लिहायला सांगा, जे तो स्वतः खरं मानेल. ‘सगळं छान होईल’ हे वाक्य नाही, ती उलट्या बाजूची अतिशयोक्ती आहे आणि पहिल्या कमी गुणाला ती फुटते. ‘बीजगणित कच्चं आहे, तरी आजच्या गुणांवर मी पास आहे. सोमवारी सरांना भेटतोय’ हे टिकतं. मग नाव सांगा: राईचा पर्वत, इंग्रजीत कॅटॅस्ट्रोफायझिंग.

खात्रीचे आकडे बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. नऊवरून सहावर येणं हा चांगला निकाल आहे. वर्गच्या वर्ग नऊवरून शून्यावर आला, तर मुलांनी पाठ ओळखला, विचार तपासला नाही. पुढच्या वेळी कडू कारणं वाढवा.

चिडवण्यावर उपाय एकच चालतो: गफलतीचं नाव फक्त स्वतःच्या विचाराला लावायचं. “तू राईचा पर्वत करतेयस” हे वाक्य वर्गात चालणार नाही, ‘मी करतेय का?’ हे चालेल. हा नियम तुम्हालाही लागू आहे. एखादी मुलगी सांगते की गट तिला डब्याला बसू देत नाही, जातीवरून बोलतो, दिसण्यावरून नाव ठेवतो, तर ते कॅमेऱ्यात दिसणारं आहे. तिला मनकवडेपणा शिकवणं म्हणजे तिच्यावर दुसरा अन्याय. अशा तक्रारीचं काय करायचं, हे पाठाच्या आधी मुख्याध्यापकांशी ठरवून ठेवा, कारण या पाठानंतर तशा गोष्टी बाहेर येतात.

वर्गात कोणालाही स्वतःचा प्रसंग सांगायला लावू नका. सानिका आणि ओंकार त्यासाठीच आहेत. स्वतःच्या विचारावर करून बघायला कोरी चिठ्ठी द्या, ती मुलाकडेच राहू द्या, गोळा करू नका. आणि एखाद्या साखळीच्या शेवटी ‘मग मी जगून काय करू’ असं आलं, तर कड्या तपासणं तिथेच थांबवा. त्याच दिवशी बोला, मुलाला एकटं सोडू नका, पालक आणि समुपदेशक दोघांनाही कळवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही क्रमांक दोन्ही दिवस फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेले असू द्या, म्हणजे कोणासाठी मुद्दाम लिहिल्यासारखं वाटणार नाही.

अपेक्षा किती ठेवावी, तेही ठरवून घ्या. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांवर सजगतेच्या वर्गपाठांचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निकाल २०२२ मध्ये आले. नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा त्या पाठांनी मुलांचं मानसिक आरोग्य अधिक सुधारलं नाही. ती पद्धत वेगळी होती, पण सगळ्या वर्गाला दिलेल्या पाठाने चिंता किंवा नैराश्य बरं होईल असं पालकसभेत सांगू नये, इतकं त्यातून घेता येतं. दोन तासिकांनी एक कौशल्य येतं, तेही सरावाने.

ते आलं का, हे नावं विचारून कळत नाही. तीन आठवड्यांनी, न सांगता, दहा मिनिटांत एक नवा प्रसंग द्या: ‘सरांनी सगळ्यांच्या वह्या हातात दिल्या, निखिलची न बोलता बाकावर ठेवली.’ दोन रकाने, तीन कारणं आणि निखिलने विचारायचं एक वाक्य. वहीवर नाव नको. डाव्या रकान्यात ‘सर चिडले होते’ असं किती जणांनी लिहिलं, तेवढं मोजा. निम्म्याहून जास्त वह्यांत ते आलं असेल, तर पुन्हा सीसीटीव्हीच घ्या, चिंचोके नंतर.